पहिल्या सत्रात प्रश्न तुम्हीही विचारा

थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना कुणालाही धाकधूक वाटते. आपलं बोलणं समोरच्याला समजेल का, हा त्या वेळचा मोठा प्रश्न असतो. गे, लेस्बियन, बायसेक्शुअल किंवा ट्रान्स व्यक्तीला मात्र त्याच्याही आधीचा प्रश्न छळत असतो: मी आत्ता जे सांगणार आहे, त्यालाच हा माणूस आजार ठरवणार नाही ना?

ही भीती निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० रोजी वगळली. पण त्याच वेळी आलेल्या यादीत एक पळवाट शिल्लक राहिली. आपल्या लैंगिक कलाचा ज्याला त्रास होतो आणि जो तो बदलू पाहतो, त्याच्यासाठी वेगळं निदान तिथे होतं. ते निदान नव्या, अकराव्या आवृत्तीत गेलं. ट्रान्स असण्याशी संबंधित नोंदही याच आवृत्तीत मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली गेली. ही आवृत्ती लागू झाली जानेवारी २०२२ मध्ये. म्हणजे आज दवाखाना चालवणारे बहुतेक तज्ज्ञ जुन्या पुस्तकांवर शिकलेले आहेत. काहींनी त्यानंतर स्वतःहून पुढचं वाचलं, प्रशिक्षण घेतलं, स्वतःचे पूर्वग्रह तपासले. काहींनी यातलं काहीच केलं नाही. भिंतीवरच्या पदवीवरून हा फरक कळत नाही. तो विचारूनच कळतो, आणि विचारायची योग्य वेळ म्हणजे पहिला फोन आणि पहिलं सत्र.

‘मी सगळ्यांशी सारखीच वागते’ एवढं पुरत नाही

आपल्याला ज्या प्रकारचा थेरपिस्ट हवा असतो, त्याला या क्षेत्रात ‘क्वीअर अफर्मेटिव्ह’ म्हणतात. अनेकांना वाटतं, जो नाक मुरडत नाही तो अफर्मेटिव्ह. तसं नाही. नाक न मुरडणं ही सुरुवात झाली. त्याच्यापुढे काय लागतं, ते एका प्रसंगावरून पाहू.

एक मुलगा सांगतो की त्याला झोप लागत नाही, सुट्टीला घरी जायचं म्हटलं की छातीत धडधडतं. तो गे आहे आणि घरी माहीत नाही. सज्जन पण अनभिज्ञ समुपदेशक त्याला श्वासाचे व्यायाम देईल, झोपेचं वेळापत्रक आखून देईल आणि ‘आईवडिलांशी मोकळेपणाने बोला’ असं सुचवेल. त्याच्या मनात वाईट काहीच नाही. पण घरी कळलं तर या मुलाचं शिक्षण थांबू शकतं, फोन काढून घेतला जाऊ शकतो, महिनाभरात लग्न उरकलं जाऊ शकतं, हे त्याच्या हिशेबातच नाही.

अफर्मेटिव्ह समुपदेशक वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करतो. लपवणं हे रोजचं श्रमाचं काम आहे, हे त्याला ठाऊक असतं. फोनवर बोलताना ‘तो’चं ‘ती’ करायचं, मित्राचा फोटो गॅलरीतून काढून टाकायचा, ऑफिसात कुणी विनोद केला की सगळ्यांबरोबर हसायचं, आत्या लग्नाचा विषय काढेल म्हणून आधीच उत्तर तयार ठेवायचं. अमेरिकी संशोधक इलान मेयर यांनी २००३ साली या ताणाची सविस्तर मांडणी केली. त्याला अल्पसंख्याकांचा ताण म्हणतात. ताण कशातून येतो? प्रत्यक्ष भेदभावातून, नाकारलं जाण्याच्या सततच्या धास्तीतून, लपवण्यातून, आणि समाजाचा तिरस्कार हळूहळू स्वतःच्याच मनात मुरण्यातून. यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. त्या मुलाची झोप तो गे आहे म्हणून उडालेली नाही. तो ज्या परिस्थितीत राहतो, तिने ती उडवली आहे. हे ज्याला समजलं, तो मुलाला दुरुस्त करायला जात नाही. घरी सांगणं सुरक्षित आहे का, सांगितलं नाही तर सुट्टीचे दहा दिवस कसे काढायचे, पाठीशी कोण उभं राहील, यावर तो मुलाबरोबर काम करतो.

म्हणून ‘मी सगळ्यांशी सारखीच वागते’ हे उत्तर ऐकलं तर तिथे थांबू नका. सगळ्यांची परिस्थिती सारखी नसते, आणि तुमची नेमकी परिस्थिती तिला कळते का, हेच तुम्हाला तपासायचं आहे.

पाटीवर काय लिहिलंय

फोन करण्याआधी समोरची व्यक्ती नेमकी कोण, हे पाहून घ्यावं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषधं लिहून देऊ शकतात आणि त्यांची नोंदणी राज्याच्या वैद्यक परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. ते मानसशास्त्रीय चाचण्या घेतात, थेरपी देतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. समुपदेशक किंवा काउन्सेलर ही तिसरी पाटी. मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एमए करून उत्तम काम करणारे अनेक जण या पाटीखाली आहेत. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून बसलेलेही याच पाटीखाली आहेत.

हा फरक पुढे अडचण आली तर कामाला येतो. डॉक्टरांविरुद्ध वैद्यक परिषदेकडे आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध पुनर्वास परिषदेकडे तक्रार करता येते. कुठेच नोंदणी नसलेल्या माणसाविरुद्ध दाद मागणं फार कठीण जातं. म्हणून शिक्षण कुठे झालं आणि नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका. नीट शिकलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

क्वीअर विषयावरचं प्रशिक्षण ही त्यापुढची पायरी. मुंबईची ‘मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही संस्था मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी क्वीअर अफर्मेटिव्ह समुपदेशनाचा अभ्यासक्रम चालवते. तो केलेले समुपदेशक महाराष्ट्रात आणि बाहेरही आहेत. मुंबईतली ‘हमसफर ट्रस्ट’ आणि पुण्यातली ‘समपथिक ट्रस्ट’ या संस्था समुदायात बरीच वर्षं काम करत आल्या आहेत. अशा संस्थांकडून किंवा त्याच समुपदेशकाकडे जाऊन आलेल्या मित्रमैत्रिणींकडून मिळालेलं नाव इंटरनेटवरच्या जाहिरातीपेक्षा भरवशाचं ठरतं. एखाद्याच्या संकेतस्थळावर इंद्रधनुष्य झळकतं, तेवढ्यावरून मात्र काहीच ठरवू नये.

फोनवरची दहा मिनिटं

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. ते कुणा एका व्यक्तीचं नाही. अशा अनेकांच्या वाट्याला जे येतं, ते एकत्र करून मांडलं आहे.

साताऱ्यात मुलगी म्हणून वाढलेला चोवीस वर्षांचा एक ट्रान्स पुरुष पुण्यात नोकरी करतो. घरी कुणाला माहीत नाही, एका मैत्रिणीला तेवढं माहीत आहे. आईने स्थळं पाहायला घेतली आहेत. गेले दोन महिने त्याला धड झोप नाही, कामात चुका होतात. पुढे कधीतरी टेस्टोस्टेरॉन घ्यावं असं त्याला वाटतं, पण आज त्याला फक्त कुणाशी तरी बोलायचं आहे. त्याच्याकडे तीन नावं आहेत.

फोनवर सगळी कहाणी सांगायची नाही, असं तो ठरवतो. दोन वाक्यांत ओळख आणि तीन प्रश्न, एवढंच. ‘मी ट्रान्स पुरुष आहे. झोप आणि घरच्या ताणासाठी मला समुपदेशन हवं आहे. तुम्ही याआधी ट्रान्स व्यक्तींबरोबर काम केलंय का? या विषयाचं काही प्रशिक्षण घेतलंय का? आणि मला बदलायचंय असं म्हणत कुणी आलं, तर तुम्ही काय करता?’

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. जुन्या यादीतली ती पळवाट इथेच उघडी पडते.

पहिल्या समुपदेशक म्हणतात, ‘माझ्यासाठी सगळे सारखेच. तुम्ही या, बोलू.’ बदलाच्या प्रश्नावर त्या म्हणतात, ‘क्लायंटची इच्छा असेल तर प्रयत्न करून पाहायला काय हरकत आहे?’ त्यांचा स्वर प्रेमळ आहे, पण उत्तर धोक्याचं आहे. बदल शक्य आहे आणि तो करून पाहण्यासारखा आहे, असं त्या मानतात हे त्यातून स्पष्ट होतं.

दुसरे डॉक्टर म्हणतात, ‘कधीकधी लहानपणी काही घडलेलं असतं. ते मोकळं झालं की पुष्कळ गोष्टी आपोआप जागेवर येतात.’ त्यांनी रुग्ण पाहण्याआधीच कारण शोधायला घेतलं. ज्याचं कारण शोधायचं, त्याला ते दोष समजतात.

तिसऱ्या समुपदेशक म्हणतात, ‘चार-पाच ट्रान्स क्लायंट्सबरोबर काम केलंय. अफर्मेटिव्ह समुपदेशनाचा कोर्स केलाय, आणि अवघड वाटलं की माझ्या सुपरव्हायझरशी बोलते. हॉर्मोन्सच्या वैद्यकीय बाजूचं मला फारसं ज्ञान नाही, त्यासाठी मी एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे पाठवते. कुणी बदलायचंय म्हणत आलं, तर बदलण्यासाठी मी काहीच करत नाही, कारण तसं होत नाही आणि त्यातून इजा होते. पण ते असं का म्हणतायत, कुणाची भीती आहे, कसली लाज आहे, हे मी नीट ऐकते. काम त्यावर करते.’

या उत्तरात तीन गोष्टी आहेत. अनुभवाचा नेमका आकडा आहे, आपल्याला काय येत नाही याची कबुली आहे, आणि बदलाच्या प्रश्नावर स्पष्ट नकार असूनही विचारणाऱ्या माणसाबद्दल तुच्छता नाही. आपला नायक इथे वेळ घेतो. याच फोनवर तो फी विचारतो, ती कमी होऊ शकते का हेही विचारतो. अनेक समुपदेशक उत्पन्नानुसार फी कमीजास्त करतात, पण न विचारता ते सांगतीलच असं नाही.

पहिलं सत्र: नाव, क्रियापद आणि गुपित

पहिल्या सत्रात बहुतेक वेळ माहिती घेण्यात जातो. तरी तीन विषय तुम्ही स्वतः काढावेत, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

पहिला विषय नावाचा आणि बोलण्याचा. इंग्रजीत ‘प्रोनाउन्स काय?’ एवढं विचारून भागतं. मराठीत तेवढ्याने भागत नाही, कारण इथे क्रियापदही लिंग सांगतं. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, हे ट्रान्स माणसाला दर वाक्यात ठरवावं लागतं, आणि समोरचाही दर वाक्यात ‘तू आलास’ किंवा ‘तू आलीस’ म्हणून आपलं मत नोंदवत असतो. म्हणून सुरुवातीलाच सांगावं: ‘कागदावर वेगळं नाव आहे, पण इथे मला या नावाने हाक मारा, आणि माझ्याबद्दल आलो, गेलो असं बोला.’ ज्यांचं अजून ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी ‘तुम्ही’ उपयोगी आहे. ‘तुम्ही आलात, तुम्ही काय केलंत’ यात लिंग उघड होत नाही. ठरेपर्यंत तसं बोला, असं सांगता येतं.

पावतीवर, फाइलवर आणि औषधाच्या चिठ्ठीवर कोणतं नाव येणार, हेही विचारून घ्यावं. बाहेर बसलेली रिसेप्शनिस्ट कुठलं नाव मोठ्याने पुकारणार? लहान गावात हा प्रश्न फार मोठा असतो, कारण बाकावर शेजारी ओळखीचं कुणी बसलेलं असू शकतं.

समुपदेशकाकडून बोलताना चूक होऊ शकते. एकदा ‘आलीस’ निघालं म्हणून ती वाईट ठरत नाही. चूक झाल्यावर ती काय करते, ते पाहा. ‘माफ करा, आलास’ म्हणून पुढे गेली तर ठीक. खूप वेळ माफी मागत राहिली आणि तिची समजूत तुम्हालाच काढावी लागली, तर ते ठीक नाही. तिसऱ्या-चौथ्या सत्रातही तीच चूक होत राहिली आणि ‘सवय व्हायला वेळ लागेल’ असं उत्तर मिळालं, तर ती सवय लावायचा प्रयत्नच करत नाही, असं समजावं.

दुसरा विषय गोपनीयतेचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ नुसार उपचारांत सांगितलेली माहिती गुप्त राखली जाण्याचा अधिकार रुग्णाला आहे. त्याला अपवाद आहेत. जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होण्याची शक्यता असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर माहिती द्यावी लागू शकते. हे अपवाद समुपदेशकाने स्वतःहून सांगायला हवेत. नाही सांगितले तर विचारा. पण आपल्याकडे खरी गळती अशा अपवादांतून होत नाही, ती घरच्यांच्या फोनमुळे होते. म्हणून प्रश्न नेमका हवा: ‘माझ्या आईचा फोन आला तर तुम्ही काय सांगाल?’

‘मी त्यांना समजावीन’ हे उत्तर चालत नाही. आपला साताऱ्याचा मुलगा हा प्रश्न विचारतो, तेव्हा समुपदेशक म्हणते, ‘तुम्ही माझ्याकडे येता की नाही, हेसुद्धा मी त्यांना सांगणार नाही. फोन आला होता, एवढं तुम्हाला कळवीन.’ असंच उत्तर हवं. समुपदेशक घरच्या डॉक्टरांच्या ओळखीचा असेल किंवा फी वडील भरत असतील, तर हा प्रश्न दुप्पट आग्रहाने विचारावा. पैसे कुणीही भरले तरी बोलणं कुणाचं, हे आधीच ठरवून घ्यावं.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी आणखी एक गोष्ट माहीत असणं गरजेचं आहे. अल्पवयीन व्यक्तीशी लैंगिक संबंध आल्याची माहिती मिळाली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशकही त्याला अपवाद नाही. म्हणून सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या नात्याबद्दल तपशील सांगण्याआधीच विचारावं: ‘मी काय सांगितलं तर तुम्हाला कुठे तरी कळवावं लागेल?’ चांगला समुपदेशक याचं सरळ उत्तर देतो. ते ऐकून मुलाने किती सांगायचं ते ठरवावं.

तिसरा विषय कामाचा. ‘आपण नेमकं कशावर काम करणार?’ असं सत्राच्या शेवटी विचारावं. आपल्या नायकाने येताना झोप आणि स्थळं हे दोन विषय सांगितले होते. समुपदेशकाच्या तोंडून तेच दोन विषय परत आले पाहिजेत. पुढच्या महिन्यात एका स्थळाच्या बाजूचे लोक घरी येणार आहेत, तेव्हा काय करायचं याची आखणी पहिल्या दोन-तीन सत्रांत व्हायला हवी. दर वाक्याला विषय त्याच्या ट्रान्स असण्यावरच येऊ लागला, शरीराबद्दल, लैंगिक संबंधांबद्दल चौकशा सुरू झाल्या, तर ती समुपदेशकाची जिज्ञासा आहे, तुमची गरज नव्हे. ‘हे माहीत असणं आज का लागतं?’ असं विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

ऑनलाइन सत्र असेल तर दोन साध्या तयारी कराव्यात. इअरफोन हवेत, आणि खोलीत कुणी आलं तर विषय बदलण्यासाठी एक ठरलेलं वाक्य हवं. ‘प्रोजेक्टची तारीख पुढे गेली का?’ असं तुम्ही म्हणालात की समुपदेशकाने लगेच कामाच्या गप्पा सुरू करायच्या. हे पहिल्या सत्रातच ठरवून ठेवा. घरात राहणाऱ्यांना याची फार मदत होते.

पत्राचा प्रश्न

ट्रान्स व्यक्तींना समुपदेशकाकडून किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून पत्र लागतं. हॉर्मोन्स सुरू करणारे आणि शस्त्रक्रिया करणारे अनेक डॉक्टर ते मागतात. त्यामुळे थेरपिस्टच्या हाती मोठी सत्ता येते, आणि तिचा वापर तो कसा करतो हे आधी समजलं पाहिजे.

आपल्या नायकाला आज पत्र नको आहे. तरीही पहिल्या-दुसऱ्या सत्रात त्याने विचारून ठेवावं: ‘पुढे लागलं तर तुम्ही पत्र देता का? किती भेटींनंतर? त्याची वेगळी फी असते का? देण्याआधी काय पाहता?’ योग्य उत्तरात निर्णय समजून घेण्याची क्षमता, परिणामांची माहिती, मूल होण्याच्या शक्यतेवर होणारा परिणाम, इतर मानसिक तक्रारींवर उपचार चालू आहेत का, घराबाहेरचा आधार, असे मुद्दे येतात. ‘आधी वर्षभर पुरुषासारखं राहून दाखवा’, ‘केस कापलेले नाहीत मग कसं मानायचं’, ‘आईवडिलांची संमती आणा’ असं चोवीस वर्षांच्या माणसाला सांगितलं जात असेल, तर ते मूल्यमापन नाही, ती अडवणूक आहे.

ट्रान्स आरोग्याच्या क्षेत्रातल्या डब्ल्यूपॅथ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२२च्या आठव्या मार्गदर्शक आवृत्तीत प्रौढांच्या शस्त्रक्रियेसाठी एका तज्ज्ञाचं मूल्यमापन पुरेसं मानलं आहे. आधीच्या आवृत्तीत काही शस्त्रक्रियांसाठी दोन पत्रं लागत. आपल्याकडे अनेक शल्यविशारद अजून दोन मागतात. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना त्यांची अट आधी विचारून घ्यावी, मग थेरपिस्टकडे पत्राचा विषय काढावा. नाही तर एकाच गोष्टीसाठी दोनदा पैसे आणि महिने जातात.

कायदा कोणत्या बाजूला आहे

बदलण्याचे उपचार आजही होतात. कधी ते उघड असतात: संमोहन, विजेचे झटके, गरज नसताना दिलेली औषधं, बाबाबुवांकडची पूजा. कधी ते गोड बोलण्यातून येतात: ‘ही एक फेज असते’, ‘लग्न झालं की मन रमतं’, ‘दोन्ही मार्ग खुले ठेवू’. दुसऱ्या प्रकारात माणूस वर्षभर अडकून राहू शकतो, कारण तिथे कुणी रागावत नाही.

इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ साली समलैंगिकता हा आजार नाही, असं जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे एका समलिंगी स्त्री जोडप्याचं प्रकरण आलं. तेव्हा आपल्याला हा विषय पुरेसा समजत नाही, असं सांगून ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाबरोबर बसले, आणि मग ७ जून २०२१ रोजी लैंगिक कल वा लिंगओळख बदलण्याच्या उपचारांना त्यांनी मनाई केली. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना पत्र पाठवून असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं कळवलं. म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या डॉक्टरने आज ‘बदलून देतो’ म्हटलं, तर तो केवळ मत मांडत नसतो. तक्रार करता येण्यासारखं वर्तन तो करत असतो. तक्रारीसाठी चिठ्ठ्या, पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश जपून ठेवावेत, आणि भेटीनंतर त्याच दिवशी काय बोलणं झालं ते तारखेसह लिहून ठेवावं.

२०१७च्या कायद्याचं कलम ३ एक आणखी मोलाची गोष्ट सांगतं. समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी एखादी व्यक्ती जुळत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजारी ठरवता येत नाही. घरच्यांनी जबरदस्तीने दवाखान्यात नेलं, तर हे वाक्य डॉक्टरांसमोर उच्चारण्यासारखं आहे.

थांबायचं की निघायचं

पहिल्या सत्रातच विश्वास बसेल असं नाही. पण घरी परतताना स्वतःला दोन गोष्टी विचारा. मी आज काही लपवलं का, आणि लपवलं ते अजून तयारी नव्हती म्हणून, की समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून? आणि मला काही समजावून सांगावं लागलं असेल, तर ती माझी कहाणी होती की शाळेच्या पुस्तकातला धडा? आपली कहाणी सांगणं हे थेरपीचं काम आहे. ट्रान्स म्हणजे काय, बायसेक्शुअल म्हणजे काय, हे फी भरून समुपदेशकाला शिकवणं हे तुमचं काम नाही.

थेरपिस्ट स्वतः क्वीअर असेल तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात, पण सगळ्या नाही. पुण्या-मुंबईतसुद्धा समुदाय लहान आहे. प्राइडच्या मोर्चात किंवा एखाद्या घरगुती पार्टीत गाठ पडू शकते. ‘बाहेर भेटलो तर ओळख दाखवायची का?’ हे आधी ठरवून घ्यावं. दलित, मुस्लिम किंवा हिजडा समुदायातल्या व्यक्तीने जात, धर्म आणि घराण्याबद्दलही एक प्रश्न विचारून पाहावा. लैंगिकतेबद्दल मोकळा असणारा माणूस जातीबद्दल मोकळा असेलच असं नाही, आणि तुमचा ताण या दोन्हींतून आलेला असू शकतो.

निघायचं ठरलं तर एक संदेश पुरतो: ‘मला पुढचं सत्र नको आहे, धन्यवाद.’ कारण देणं बंधनकारक नाही. मानसोपचारतज्ज्ञाने औषध सुरू केलेलं असेल, तर ते मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून कमी करा. पैसे नसतील, घराबाहेर पडता येत नसेल किंवा गावात कुणीच नसेल, तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘आयकॉल’ या सेवेशी ९१५२९८७८२१ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथेही हेच प्रश्न विचारायचे, आणि उत्तर पटलं नाही तर फोन ठेवून पुन्हा लावायचा. दुसऱ्यांदा वेगळी व्यक्ती बोलू शकते.

पुढच्या आठवड्यात तुम्ही कुणाकडे जाणार असाल, तर एका कागदावर चार प्रश्न लिहून न्या. माझ्यासारख्या व्यक्तींबरोबर तुम्ही काम केलंय का आणि काय शिकलात? बदलायचंय म्हणत कुणी आलं तर काय करता? घरच्यांचा फोन आला तर काय सांगाल? आपण कशावर काम करणार आहोत? कागद समोर धरून वाचायला लाजू नका. चांगला थेरपिस्ट चारही प्रश्नांची उत्तरं शांतपणे देईल. जो चिडेल किंवा हसण्यावारी नेईल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.